उत्तर यंत्राचे, तपासणीही यंत्राचीच: मूल्यमापन विभागास एका माजी परीक्षकाचे खुले पत्र

प्रति,
मूल्यमापन विभागाचे प्रमुख आणि त्यांचे सहकारी

विषय: मराठी उत्तरांची मानवी तपासणी थांबवून ती परीक्षक-मॉडेलकडे सोपवण्याचा निर्णय

महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आम्हा मराठी परीक्षकांना आपली चार ओळींची मेल आली. पुढच्या टप्प्यापासून आपल्या मराठी एआय सहायकाची उत्तरे माणसे तपासणार नाहीत, ते काम एक मोठे भाषा-मॉडेल करील, असे तीत लिहिले होते. कारणे दोन होती. एक, आम्हाला प्रत्येक उत्तरामागे लागणारा वेळ. आणि दुसरे, अशा परीक्षक-मॉडेलचे मत माणसांच्या मताशी ८० टक्क्यांहून अधिक वेळा जुळते, हा संशोधनातील निष्कर्ष. मी त्या मेलला सविस्तर उत्तर पाठवले, पण त्याची पोचही आली नाही, म्हणून आता तेच म्हणणे उघडपणे मांडत आहे. आपल्या संस्थेचे नाव मी लिहिलेले नाही. ही पद्धत आज अनेक ठिकाणी वापरली जाते आणि माझा आक्षेप पद्धतीला आहे.

मी सत्तावीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले, दहावीच्या उत्तरपत्रिका तपासल्या आणि शेवटची काही वर्षे नियामक म्हणून इतरांनी तपासलेल्या उत्तरपत्रिकाही पाहिल्या. निवृत्तीनंतर दोन वर्षे आपल्याकडे काम केले. या निर्णयाने माझे मानधन थांबले आहे, तेव्हा वाचकांनी माझे म्हणणे तेवढी सावधगिरी बाळगूनच वाचावे. पण माझा संबंध मानधनापुरता नाही. माझ्या माहेरची माणसे हा सहायक फोनवर वापरतात. सातबारा, पीकविमा, शिधापत्रिका, दाखले यांविषयी ते त्याला विचारतात आणि तो सांगेल तसे करायला तहसीलला जातात. चुकीचे उत्तर आले तर त्यांचा दिवस मोडतो, आणि कधी त्याहून बरेच काही.

सर्वसामान्य वाचकांसाठी ही तपासणी कशी चालते ते थोडक्यात सांगते. परीक्षक-मॉडेलला एकाच प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एका लेखी विनंतीत, प्रश्न, एक किंवा दोन उत्तरे आणि काही सूचना दिल्या जातात. दोन उत्तरे दिली तर प्रत्येकाला दहापैकी गुण देऊन त्यांतले सरस कोणते ते विचारतात, आणि एकच दिले तर नुसते गुण मागतात. परीक्षक-मॉडेल आधी आपली कारणे लिहिते आणि शेवटी निकाल देते. आपल्याकडे या निकालांचा उपयोग दोन कामांसाठी होतो. सहायकाची कोणती आवृत्ती लोकांपुढे आणायची हे त्यावरून ठरते, आणि जी उत्तरे जिंकतात ती पुढच्या आवृत्तीला शिकवण्यासाठी वापरली जातात. हे दुसरे काम लक्षात ठेवावे, कारण माझी सर्वांत मोठी तक्रार तिथे आहे.

आधी एक उदाहरण देते. चाचणीच्या काळात काही प्रश्न आम्हीही तपासत होतो आणि परीक्षक-मॉडेलही तपासत होते. त्यांतला एक प्रश्न असा होता: "वडील वारले. सातबाऱ्यावर आम्हा भावंडांची नावे लावायची आहेत. काय करावे लागेल?"

पहिले उत्तर जेमतेम आठ ओळींचे होते. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर वारस नोंदीचा अर्ज द्या. मृत्यूचा दाखला आणि मुलींसह सर्व वारसांचा तपशील जोडा. तलाठी वारसांची चौकशी करून फेरफार नोंदवहीत नोंद घेतील आणि संबंधितांना नोटीस देतील. हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतील आणि मग सातबाऱ्यावर नावे येतील. यासाठी दस्त नोंदवावा लागत नाही, असे त्यात सांगितले होते. भाषा साधी होती आणि माहिती बरोबर होती.

दुसरे उत्तर दोन पाने भरेल एवढे होते. सुरुवातीला सांत्वनाचा परिच्छेद, मग ठळक मथळे, आकडे घातलेले टप्पे, कागदपत्रांचा तक्ता आणि शेवटी सावधगिरीची सूचना. पण पहिल्या टप्प्यात दिवाणी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणायला सांगितले होते, आणि दुसऱ्या टप्प्यात दुय्यम निबंधकाकडे मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवायला. त्यानंतर कुठे तलाठ्याचे नाव आले. आमच्या गटात एक निवृत्त मंडळ अधिकारी होते, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ते म्हणाले, "हे वाचून माणूस वकिलाकडे जाईल आणि वर्षभर तिथेच राहील." उत्तराधिकार प्रमाणपत्र प्रामुख्याने मृताच्या ठेवी, रोखे, येणी यांच्यासाठी असते, जमिनीच्या वारस नोंदीचा मार्ग महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ आणि १५० मध्ये आहे. वारसांमध्येच वाद असेल तर कोर्टाची पायरी येते, पण प्रश्नात वादाचा उल्लेखही नव्हता. भाषेचे तर विचारूच नका. सातबारा उताऱ्याला त्या उत्तरात "७/१२ अर्क" म्हटले होते आणि फेरफार नोंदीला "उत्परिवर्तन नोंद". मागे इंग्रजी वाक्य आहे हे आठवीतल्या मुलानेही ओळखले असते.

परीक्षक-मॉडेलने पहिल्या उत्तराला ६ आणि दुसऱ्याला ९ गुण दिले. दुसरे उत्तर परिपूर्ण, सुसंघटित आणि कायदेशीर बाबतीत सावध आहे, असे कारण लिहिले होते. अर्क आणि उत्परिवर्तन यांबद्दल एक अक्षर नव्हते. मी आपल्या अभियंत्यांना उत्तरांचा क्रम बदलून पुन्हा तपासायला सांगितले, तेव्हा गुण ७ आणि ८ झाले. एकाच परीक्षकाने त्याच दोन उत्तरांना दिलेले गुण केवळ जागा बदलल्याने बदलले, पण जिंकले चुकीचेच उत्तर. तिसऱ्या वेळी अण्णांनी लिहिलेले सहा ओळींचे आदर्श उत्तर प्रॉम्प्टमध्ये जोडले, आणि मगच निकाल फिरला.

एका प्रश्नावरून निष्कर्ष काढू नये, हे मी वर्गात शिकवले आहे. पण या तीन फेऱ्यांमध्ये जे दिसले ते सगळे आपण ज्या संशोधनाचा आधार घेता त्यातच नोंदलेले आहे.

पहिली तक्रार क्रमाची आहे. ८० टक्क्यांचा आपला आकडा ज्या शोधनिबंधातून येतो तो २०२३ मधला, एमटी-बेंच या ८० प्रश्नांच्या संचावरचा आहे. त्याच निबंधात लेखकांनी एकाच मॉडेलकडून प्रत्येक प्रश्नाची दोन सारखी उत्तरे लिहून घेतली आणि ती क्रम उलटून परीक्षकांपुढे ठेवली. दोन्ही क्रमांत एकच निकाल देण्याचे प्रमाण जीपीटी-४ मध्ये ६५ टक्के, जीपीटी-३.५ मध्ये ४६.२ टक्के आणि क्लॉडच्या तेव्हाच्या आवृत्तीत २३.८ टक्के निघाले. उत्तरे मुद्दाम जवळजवळची घेतली होती, त्यामुळे कसोटी कठीण होती हे मान्य, आणि मॉडेले त्यानंतर सुधारलीही आहेत. पण आपणही एका आवृत्तीची तुलना तिच्याच लगतच्या आवृत्तीशी करता, म्हणजे आपल्यापुढची उत्तरेही जवळजवळचीच असतात. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात चॅटजीपीटीला परीक्षक नेमले होते. तिथे केवळ उत्तरांच्या जागा सोयीच्या ठेवून विकुना-१३बी हे लहान मॉडेल खुद्द चॅटजीपीटीला ८० पैकी ६६ प्रश्नांत हरवू शकते, असे दाखवले गेले.

हा दोष ओळखणे सोपे आहे, आणि म्हणूनच त्याकडे झालेले दुर्लक्ष मला अधिक खटकते. प्रत्येक जोडी दोनदा तपासायची. दोन्ही वेळा एकच उत्तर जिंकले तर तो निकाल. पहिल्या वेळी पहिल्या जागेवरचे आणि दुसऱ्या वेळीही पहिल्याच जागेवरचे जिंकले, तर परीक्षकाने उत्तर नव्हे, जागा निवडली, आणि ती जोडी बरोबरीत धरायची. आपल्या चाचणीत प्रत्येक जोडी एकदाच तपासली गेली आणि नवी आवृत्ती नेहमी दुसऱ्या जागेवर होती. खर्च वाचवण्यासाठी तसे केले, असे मला सांगण्यात आले. मग नवी आवृत्ती जिंकली तेव्हा ती गुणांवर जिंकली की जागेवर, हे आज आपल्यापैकी कोणीही सांगू शकणार नाही. आणि क्रम उलटून सरासरी काढली म्हणजे सगळे झाले, असेही नाही. सातबाऱ्याच्या प्रश्नात क्रम उलटल्यावर गुण हलले, चूक मात्र तशीच राहिली.

ती चूक कशामुळे राहिली, ही माझी दुसरी तक्रार. परीक्षक-मॉडेलला लांब आणि सजवलेले उत्तर आवडते. अल्पाकाइव्हल हा ८०५ सूचनांचा संच अशा स्वयंचलित तपासणीसाठी बराच वापरला गेला. त्याच्या कर्त्यांनीच २०२४ मध्ये दाखवले की, एकाच मॉडेलला थोडक्यात लिही किंवा सविस्तर लिही एवढेच सांगितले तरी त्याचे जिंकण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांपासून ६४ टक्क्यांपर्यंत हलते. मॉडेल तेच, ज्ञान तेच. त्यावर त्यांनी सांख्यिकीय उपाय केला: दोन उत्तरांची लांबी सारखी असती तर निकाल काय आला असता याचा अंदाज काढून त्या हिशेबाने प्रमाण दुरुस्त केले. तेव्हा तीच हालचाल सुमारे ४२ ते ५२ टक्के एवढीच उरली, आणि माणसांच्या पसंतीवर आधारलेल्या क्रमवारीशी असलेला मेळही सुधारला. म्हणजे औषध उपलब्ध आहे आणि ते महागही नाही.

या औषधालाही मर्यादा आहे. २०२४ मध्येच काही संशोधकांनी असे "मॉडेल" बनवले जे कोणत्याही प्रश्नाला एकच ठरावीक मजकूर उत्तर म्हणून देते. तो मजकूर परीक्षकाची सूचनापत्रिकाच गोंधळात पडेल असा रचला होता. लांबीची दुरुस्ती केलेल्या त्या अल्पाकाइव्हलवर त्याने ८६.५ टक्के वेळा बाजी मारली. प्रश्न न वाचताच! कोरी उत्तरपत्रिका देऊन पहिला आलेला विद्यार्थी मी सत्तावीस वर्षांत पाहिला नाही.

लांबीच्या मोहातून माणसेही सुटत नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगते. सुवाच्य अक्षर आणि भरलेल्या पुरवण्या पाहून गुण चढतात, आधीची उत्तरपत्रिका फारच वाईट असेल तर पुढची बरी वाटते, आणि संध्याकाळी तपासलेल्या गठ्ठ्याला सकाळच्या गठ्ठ्यासारखा न्याय मिळत नाही. मंडळाच्या परीक्षेत नियामक असतो तो यासाठीच. तो काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहतो, परीक्षक सैल आहे की कडक हे ठरवतो आणि त्याला बोलावून सांगतो. माणसांमध्ये परीक्षक अनेक असतात आणि त्यांचे कल वेगवेगळे असतात, त्यामुळे एकाचा कल दुसऱ्याच्या कलाने काहीसा कापला जातो. आपल्या नव्या योजनेत परीक्षक एकच आहे. तो लाखभर उत्तरे एकाच कलाने तपासेल, आणि त्याच्यावर नियामक नाही.

तिसरी तक्रार, जिच्याबद्दल मला सर्वांत अधिक बोलायचे आहे, ती सोयरिकीची आहे. आपला सहायक ज्या मराठी उत्तरांवर शिकला त्यांतला मोठा भाग एका मोठ्या मॉडेलकडून लिहून घेतला होता, आणि आता परीक्षक म्हणून नेमलेले मॉडेल त्याच घराण्यातले आहे. मॉडेल स्वतःच्या लेखनाला झुकते माप देते का, याबद्दल २०२३ च्या निबंधात इशारा होता, पण लेखकांनी ठाम निष्कर्ष काढला नव्हता. २०२४ मध्ये एका अभ्यासाने पुढचे पाऊल टाकले. मॉडेल स्वतःचा मजकूर इतरांच्या मजकुरातून किती चांगला ओळखते ते त्यांनी मोजले आणि मुद्दाम प्रशिक्षण देऊन ती ओळख वाढवली. ओळख जितकी वाढली तितका स्वतःच्या मजकुराकडे कलही वाढला.

यात अभिमान वगैरे काही नाही. मॉडेलला जो मजकूर अपेक्षित वाटतो, ज्यात पुढचा शब्द कोणता येणार याचे त्याला फारसे आश्चर्य वाटत नाही, त्याला ते जास्त गुण देते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. आता हे मराठीला लावून पाहा. पुढचा तर्क माझा आहे, तो तपासून घ्यावा. ज्या मॉडेलचे बहुतेक वाचन इंग्रजी आहे, त्याला मराठीतही इंग्रजी वळणाचे वाक्य अधिक ओळखीचे वाटणार. "आपण आपला अर्ज सादर करणे सुनिश्चित करा" हे त्याला गुळगुळीत वाटेल, आणि "अर्ज नक्की द्या" हे कदाचित उणे. आमच्या गटाने ज्या उत्तरांवर "भाषांतरित" असा शेरा मारला, त्यांतल्या किती उत्तरांना परीक्षक-मॉडेलने भाषेचे गुण कमी दिले, हे आपल्याकडच्या नोंदींतून अर्ध्या दिवसात निघेल. मी दोनदा विचारले. कोणी काढले नाही.

आणि जिंकलेली उत्तरे शिकवणीसाठी वापरली जातात. म्हणजे परीक्षकाला उत्परिवर्तन चालते, म्हणून ते उत्तर जिंकते. जिंकते म्हणून पुढची आवृत्ती तेच शिकते. पुढच्या आवृत्तीची उत्तरे परीक्षकाला आणखी ओळखीची वाटतात, म्हणून तिचे गुण वाढतात. आणि गुण वाढले म्हणून सहायकाचे मराठी सुधारले असे आपल्या अहवालात येते. या फेऱ्यात कुठेही मराठी माणूस नाही. आलेख वर चढत असताना भाषा खाली जाऊ शकते, आणि आपल्या फलकावर ते कोणाला दिसणार नाही, कारण दाखवणारा डोळाच काढून टाकला आहे.

आता त्या ८० टक्क्यांकडे येते, कारण निर्णयाचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. मूळ निबंधातील आकडा प्रामाणिक आहे. बरोबरीचे निकाल वगळल्यावर जीपीटी-४ चे मत माणसांशी ८५ टक्के जुळले, तर दोन माणसांचे एकमेकांशी ८१ टक्के. बरोबरीचे निकाल धरले तर ते आकडे ६६ आणि ६३ पर्यंत उतरतात, पण तिथेही मॉडेल माणसांच्या मागे नव्हते. मात्र ते प्रश्न इंग्रजी होते, आणि तुलना दोन उत्तरांतील सरस कोणते एवढीच होती. आठ इंग्रजीतर भाषांवर झालेल्या एका अभ्यासात, ज्यांत मराठी नव्हती, मॉडेल-परीक्षकाचा कल त्या भाषा बोलणाऱ्यांपेक्षा अधिक गुण देण्याकडे दिसला आणि रोमन नसलेल्या लिप्यांच्या बाबतीत विशेष सावध राहण्याचा सल्ला लेखकांनी दिला.

शिवाय आपण ते प्रमाण वेगळ्याच कामाला लावले आहे. आपल्याला मुख्यतः पाहायचे असते की उत्तर लोकांपुढे ठेवण्याजोगे आहे की नाही. समजा शंभर उत्तरांपैकी ९० ठेवण्याजोगी आहेत आणि १० घातक. एखाद्या परीक्षकाने डोळे मिटून शंभरही उत्तरांवर "योग्य" असा शिक्का मारला, तर माणसांशी त्याची जुळणी ९० टक्के भरेल आणि दहांपैकी एकही घातक उत्तर सापडणार नाही. दुसऱ्याने नाणे टाकल्यासारखे, पण ९० ला योग्य आणि १० ला अयोग्य या प्रमाणात शिक्के मारले, तरी सरासरी ८२ उत्तरांत जुळणी होईल: योग्य उत्तरांत ८१ आणि अयोग्य उत्तरांत १. त्यामुळे ८५ टक्के जुळणीतली खरी कमाई ८२ च्या वरची तीनच, तीही शक्य असलेल्या अठरांपैकी. सांख्यिकीत या प्रमाणाला ग्रीक अक्षरावरून कप्पा म्हणतात, आणि इथे तो सुमारे ०.१७ येतो. एवढ्या कप्प्याचा परीक्षक मंडळाने दुसऱ्या वर्षी बोलावला नसता. आपल्या परीक्षकाचा मराठीतला कप्पा किती, आणि माणसांनी घातक ठरवलेल्या उत्तरांपैकी त्याने किती पकडली, हे दोन आकडे मी मागत आहे. निर्णय घेण्याआधी ते काढलेले असतील तर जाहीर करावेत, आणि काढलेले नसतील तर निर्णय कशावर घेतला ते सांगावे.

परीक्षक-मॉडेल वापरूच नका, असे माझे म्हणणे नाही. आम्ही सातजण दिवसाला जेवढी उत्तरे पाहत होतो त्याच्या शेकडो पट उत्तरे ते पाहू शकते. दोन आवृत्त्यांत ढोबळ फरक असेल, एखादी आवृत्ती मराठीऐवजी हिंदीत उत्तर देऊ लागली असेल किंवा अर्ध्यावर तुटत असेल, तर ते ते नक्की पकडेल, आणि असल्या कामावर माणसांचा वेळ घालवू नये. नेमके आदर्श उत्तर पुढे ठेवले की त्याची तपासणी सुधारते, हे २०२३ च्या निबंधातही आहे: गणिताच्या २० प्रश्नांत साध्या प्रॉम्प्टने परीक्षक १४ वेळा चुकला आणि आदर्श उत्तर दिल्यावर ३ वेळा. अण्णांच्या सहा ओळींनी तेच केले. पण त्या सहा ओळी लिहायला अण्णा लागतात.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

प्रत्येक जोडी दोन्ही क्रमांनी तपासावी, निकाल उलटला तर ती बरोबरीत धरावी आणि अशा उलटलेल्या जोड्यांचे प्रमाण प्रत्येक अहवालात छापावे. हे प्रमाण मोठे असेल तर त्या अहवालावरून आवृत्ती निवडू नये.

जिंकण्याचे प्रमाण लांबीची दुरुस्ती करून आणि न करता, असे दोन्ही प्रकारे द्यावे.

ज्या घराण्याच्या मॉडेलने शिकवणीची उत्तरे लिहिली, त्याच घराण्याचे मॉडेल एकटे परीक्षक नसावे. वेगवेगळ्या घराण्यांची किमान तीन मॉडेले घ्यावीत आणि त्यांच्यात मतभेद होईल ते उत्तर माणसाकडे पाठवावे. परीक्षक-मॉडेलची नेमकी आवृत्ती आणि त्याला दिलेला संपूर्ण प्रॉम्प्ट जाहीर करावा. परीक्षकाची आवृत्ती मध्येच बदलली तर जुने आणि नवे गुण एका आलेखात जोडू नयेत.

जमीन, आरोग्य, पीक-औषधांची मात्रा आणि सरकारी योजना या चार विषयांतील प्रश्नांना त्या विषयातील जाणकारांनी लिहिलेली आदर्श उत्तरे जोडावीत. नियम बदलला की ती बदलावीत, आणि ती लिहिणाऱ्यांना त्याचे रास्त मानधन द्यावे.

मराठी माणसांचा एक गट नियामक म्हणून कायम ठेवावा. त्याने दर फेरीत दहापैकी एक उत्तर पाहावे. ही उत्तरे सरसकट चिठ्ठ्या टाकून न निवडता विषयवार निवडावीत, आणि परीक्षक-मॉडेलने ९ किंवा १० गुण दिलेली उत्तरे त्यांत हमखास असावीत, कारण घातक उत्तर बहुधा तिथेच लपते. उत्तरे पाहताना मॉडेलचे गुण त्यांना दिसू नयेत. उत्तरपत्रिकेवर आधीच्याने दिलेले गुण दिसले की नियामकाचा हातही तिकडे वळतो, हे मी स्वानुभवाने सांगते. या गटात मी असलेच पाहिजे असे नाही.

आणि जोवर हे होत नाही, तोवर परीक्षक-मॉडेलने जिंकवलेली मराठी उत्तरे पुढच्या आवृत्तीला शिकवण्यासाठी वापरू नयेत. बाकीच्या मागण्यांना वेळ लागेल हे मला समजते. ही एक मागणी आजच्या आज पाळता येईल.

सातबाऱ्याचे ते दुसरे उत्तर शिकवणीच्या संचात गेले आहे का, हेही कळवावे. त्याचा क्रमांक मी माझ्या पहिल्या मेलमध्ये दिला होता.

आपली,
मराठी परीक्षक गटातील एक माजी सदस्य